फोटो गेले, हे कसं कळवायचं?

सोमवारी सकाळी पावणेदहाला मी कार्ड रीडरमध्ये घातलं आणि कॉम्प्युटरवर एक चौकट उघडली. You need to format the disk in drive E: before you can use it. खाली दोन बटणं होती, Format disk आणि Cancel. आदल्या दिवशी कोल्हापुरातच एका डोहाळजेवणाचे फोटो काढले होते आणि माझ्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो त्या एका कार्डावर होते. मी Cancel दाबलं, कार्ड काढलं, दुसऱ्या रीडरमध्ये घातलं, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं. चौकट तीच.

त्या दिवशी रात्री साडेदहाला मी त्या ताईंना एक ईमेल पाठवला. तो लिहायला मला तीन तास लागले आणि आधी एक खर्डा फाडावा लागला. फोटोग्राफीच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसालाही हे पत्र सहज लिहिता येत नाही, आणि ज्यांना असं पत्र येतं त्यांनाही त्यात काय असायला हवं होतं हे माहीत नसतं. म्हणून ते सगळं इथे मांडतो आहे.

आधी कार्डाचं सांगतो, कारण पत्रात खरं लिहायचं तर काय झालं ते स्वतःला कळलेलं हवं.

मेमरी कार्ड म्हणजे एक धान्याचं कोठार समजा. कणग्या भरलेल्या आहेत, दाराशी एक कारकून बसलाय आणि त्याच्यापुढे एक वही आहे. कणग्या म्हणजे फोटो साठवणारी चिप. वही म्हणजे कुठला फोटो कुठे ठेवलाय याची नोंद. आणि कारकून म्हणजे कंट्रोलर नावाची अगदी छोटी चिप. कॅमेरा कणगीला कधीच हात लावत नाही, तो फक्त कारकुनाशी बोलतो. वही खराब झाली, म्हणजे फोटो उतरत असताना कुणी कार्ड ओढून काढलं किंवा बॅटरी संपली, तर कणग्या शाबूत असतात. मग फोटोरेकसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅमसुद्धा वहीकडे न बघता थेट कणग्या चाचपतो, प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला असणारी ठरावीक खूण शोधतो आणि बरंचसं परत मिळवून देतो. अट एकच, की तोवर त्या कार्डावर नवीन काही उतरवलेलं नसावं. पण कारकूनच गेला तर कोठाराचं दारच उघडत नाही.

यातलं नेमकं काय झालंय, हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. कार्ड कॉम्प्युटरला लावून त्याचं माप बघायचं. 64 जीबीचं कार्ड 64 जीबीच्या आसपास दिसत असेल तर बहुधा वहीचं दुखणं आहे. माझं कार्ड होतं 64 जीबीचं आणि कॉम्प्युटर त्याला 32 एमबी म्हणत होता. माप असं भलतंच दिसलं किंवा कार्ड दिसलंच नाही, तर कंट्रोलर गेलेला असतो. मग कुठलाही प्रोग्रॅम उपयोगाचा नाही आणि पुन्हा पुन्हा लावून बघणंही बरं नाही. मी कार्ड एका डबीत ठेवलं आणि पुण्याच्या एका रिकव्हरी लॅबला फोन केला.

पण माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात. मग दुसऱ्या कार्डाचं काय? ते रिकामं होतं. दोन कार्डांच्या कॅमेऱ्याला सांगावं लागतं की दुसऱ्या कार्डाचं काय करायचं. बॅकअप लावलं तर प्रत्येक फोटो दोन्हीवर उतरतो. ओव्हरफ्लो लावलं तर पहिलं भरल्यावरच दुसऱ्यावर जायला लागतो. महिनाभरापूर्वी एका दोन दिवसांच्या लग्नात मधेच कार्ड बदलायला लागू नये म्हणून मी ओव्हरफ्लो लावलं होतं, आणि ते परत बदललं नाही. रविवारी पहिलं कार्ड भरलं नाही, त्यामुळे दुसऱ्यावर एकही फोटो गेला नाही.

रीळ होती तेव्हा एका रिळावर 36 फोटो. लॅबमध्ये रीळ खराब झाली तर छत्तीस जायचे, आणि रीळ धुवायला दिल्यावर मिळणाऱ्या पाकिटावर छापलेलं असायचं की आमची जबाबदारी फार तर नवी रीळ देण्यापुरती. आता अख्खा समारंभ एका नखाएवढ्या कार्डावर मावतो आणि जातो तो अख्खाच जातो. 2018 मध्ये कॅननचा ईओएस आर आणि निकॉनचे झेड 6, झेड 7 एकाच कार्डाची जागा घेऊन आले, तेव्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी जी ओरड केली ती याचसाठी. निकॉनने 2020 च्या पुढच्या आवृत्तीत दोन जागा दिल्या. माझ्याकडे दोन जागा होत्या. म्हणून त्या दिवशी जे झालं त्याला कार्ड बिघडलं म्हणणं अर्धवट आहे. कार्डं बिघडतातच. ती बिघडणार हे धरून चालणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

दुपारी एक वाजता ताईंच्या यजमानांना फोन केला, कारण काम त्यांनी ठरवलं होतं. पत्र नंतर, आधी फोन, आणि तोही त्याच दिवशी, याला सभ्यतेपलीकडचं एक कारण आहे. समारंभाला आलेली माणसं लगेच पांगत नाहीत. कुणी दुसऱ्या दिवशी जातं, कुणी तिसऱ्या. फोन जितका लवकर, तितकी माणसं अजून गावात सापडण्याची शक्यता जास्त. फोनवर कळलं की ताईंची बंगळूरची मावशी मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघणार आहे. मंगळवारी सकाळी आठ वाजता आम्ही त्यांच्या घरी होतो आणि मावशीबरोबरचे फोटो झाले. "आधी लॅबचं काय होतं ते बघू, मग सांगू" असं म्हणत थांबलो असतो तर तेही गेलं असतं. संगमेश्वरकडून आलेली आजी मात्र सोमवारी पहाटेच्या एसटीने आंबा घाटातून परत गेली होती.

संध्याकाळी ताईंचा स्वतःचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं, "आजी ओटी भरतानाचा फोटो आहे का?"

मी म्हणालो, "नाही ताई. तो माझ्याच कॅमेऱ्यात होता."

त्या क्षणी "बघतो", "लॅबवाले काढतील बहुतेक" असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं. ती आशा दोन आठवडे टिकली असती आणि नंतर दुसऱ्यांदा तेच दुःख त्यांना झालं असतं.

मग लिहायला बसलो. पहिला खर्डा असा होता:

"तांत्रिक अडचणीमुळे आपल्या कार्यक्रमाचे काही फोटो उपलब्ध होऊ शकलेले नाहीत. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तरी आपण लवकरच पुन्हा शूट करून घेऊ."

बायकोने वाचला आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय झालंय?" तेव्हा लक्षात आलं की तीन वाक्यांत मी काहीच सांगितलेलं नाही. "उपलब्ध होऊ शकलेले नाहीत" ही आपल्या मराठीतली फार सोयीची रचना आहे. यात कुणी काही केलेलं नसतं. होऊ शकलं नाही, करता आलं नाही, राहून गेलं. माणूस वाक्यातून गायब होतो आणि चूक आभाळातून पडल्यासारखी दिसते. "तांत्रिक अडचण" तसंच. ते ऐकून कुणालाच काही कळत नाही, फक्त प्रश्न विचारायचा धीर होत नाही. "काही फोटो" म्हणजे किती? 538 ला काही म्हणत नाहीत. "गैरसोय" तर अगदीच चुकीचं. वीज गेली, पाणी आलं नाही, रस्ता खणला, ती गैरसोय. "गैरसोयीबद्दल दिलगीर" हे रस्त्याच्या कडेच्या पाटीवर लिहिलेलं असतं, आणि ज्यांचे फोटो गेले त्यांना ते त्या पाटीसारखंच वाटतं. माफी मागायची असेल तर "माफी मागतो" इतकंच लिहावं.

पण सगळ्यात खोटं होतं तिसऱ्या वाक्यातलं "आपण". मराठीत "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि "आपण" म्हटलं की तो आत येतो. "आपण पुन्हा शूट करून घेऊ" म्हणताना मी त्या ताईंना माझी चूक निस्तरायच्या कामात सामील करून घेत होतो, तेही त्यांना न विचारता. सातव्या महिन्यात बाईने पुन्हा नटायचं, पुन्हा तास दीड तास बसायचं. हा निर्णय त्यांचा आहे. पत्रात तो प्रश्न म्हणून यायला हवा.

खर्डा फाडला आणि माझ्या सहायकाला बोलावून घेतलं. आम्ही दोघांनी कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर उतरवला. कोण कुठे उभं होतं, कुठला फोटो कुणी काढला. त्याच्या कॅमेऱ्यातले 286 फोटो शाबूत होते. माझे किती गेले ते कॅमेऱ्याच्या आकड्यावरून कळलं. कॅमेरा फोटोंना ओळीने नंबर देत जातो, त्यामुळे नवीन रिकामं कार्ड घालून एक फोटो काढला आणि त्याचा नंबर आधीच्या कामाच्या शेवटच्या नंबराशी ताडून पाहिला. मधले 538. हा कागद म्हणजेच पत्राचा खरा मजकूर. ज्यांचे फोटो गेलेत त्यांना सगळ्यात जास्त छळतं ते हे, की नक्की काय आहे आणि काय नाही ते माहीत नसणं. रात्री झोपताना एकेक प्रसंग आठवत राहतो, हा असेल का, तो असेल का. ते त्यांना करायला लावू नये.

यादी करताना तीन गट आपोआप पडले. जे सहायकाच्या कॅमेऱ्यात आहे. जे पुन्हा काढता येईल. आणि जे पुन्हा काढता येणार नाही. हा तिसरा गट पत्रात लिहिणं सगळ्यात जड जातं, आणि बहुतेक पत्रांत तो नसतो. रीशूटचा विषय आला की फोटोग्राफर असं लिहितो जणू सगळंच भरून निघेल. फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेल्या ताईंचा फोटो पुन्हा काढता येतो, कारण तो तसाही बसवूनच काढलेला असतो. झाकलेल्या वाटीखाली पेढा निघाला की बर्फी, त्या वेळचा सगळ्या बायकांचा एकदम उठलेला हशा पुन्हा काढता येत नाही. आणि ओटी? बायका बोलावून पुन्हा ओटी भरायला लावता येते, तांत्रिकदृष्ट्या त्यात काही अडचण नाही. मला मात्र ते सुचवावंसं वाटलं नाही. ओटी एकदा भरली गेली आहे. तिचा फोटो नाही म्हणून ती भरली नाही असं होत नाही. घरच्यांना वाटलं आणि त्यांनीच विचारलं, तर आनंदाने काढावेत. आपण होऊन तो खेळ मांडायला सांगू नये.

व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकता आल्या असत्या. पण असा मजकूर घरात फिरतो. सासूबाई वाचतात, आई वाचते, भाऊ वाचतो. तो एका जागी, सलग आणि नंतर पुसता न येणारा असावा. म्हणून ईमेल. तो असा होता:

"विषय: रविवारच्या डोहाळजेवणाचे 538 फोटो माझ्या हातून गेले आहेत

नमस्कार ताई,

दुपारी दादांशी आणि संध्याकाळी तुमच्याशी फोनवर जे बोललो ते सगळं नीट लिहून पाठवतो आहे, म्हणजे घरात सगळ्यांना वाचता येईल.

रविवारी मी माझ्या कॅमेऱ्यात काढलेले 538 फोटो गेले आहेत. ते ज्या मेमरी कार्डावर होते ते आज सकाळी बंद पडलं. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरवायची सोय आहे. ती मी रविवारी लावलेली नव्हती. लावली असती तर आज तुमचे सगळे फोटो असते. चूक माझी आहे आणि मी तुमची व घरातल्या सगळ्यांची माफी मागतो.

माझ्या सहकाऱ्याच्या कॅमेऱ्यातले 286 फोटो सुरक्षित आहेत. त्यांच्या दोन प्रती आम्ही करून ठेवल्या आहेत. त्यात सजावट, आलेले पाहुणे, डोहाळ्याची गाणी म्हणणाऱ्या बायका, जेवणाची पंगत आणि ओटीच्या कार्यक्रमाचे लांबून घेतलेले फोटो आहेत. हे सगळे परवा संध्याकाळपर्यंत तुम्हाला पाठवतो.

जे गेले ते असे: तुमचे एकटीचे आणि दादांबरोबरचे सगळे फोटो, झोपाळ्यावरचे फोटो, दोन्ही घरच्या आईवडिलांबरोबरचे फोटो, मावशींबरोबरचे फोटो, ओटी भरतानाचे जवळून घेतलेले सगळे फोटो, पेढा आणि बर्फीच्या वाट्यांचा खेळ. आजींनी ओटी भरली तो जवळून घेतलेला फोटो यातच होता. सहकाऱ्याच्या कॅमेऱ्यात त्या वेळचा एक फोटो आहे, त्यात आजी पाठमोऱ्या आहेत आणि तुमचा चेहरा दिसतो. तो या ईमेलसोबत जोडला आहे.

कार्ड उद्या पुण्याच्या एका लॅबला देतो आहे. त्यांना दहा ते पंधरा दिवस लागतील. खर्च माझा. त्यातून काही मिळेल असं मी सांगू शकत नाही, काहीच मिळणार नाही असं धरून चालावं. जे काही होईल ते मी तुम्हाला त्याच दिवशी कळवेन.

यातले तुमचे, दादांबरोबरचे, झोपाळ्यावरचे आणि आईवडिलांबरोबरचे फोटो पुन्हा काढता येतील. ओटीचे आणि खेळाचे येणार नाहीत, आणि त्यांच्या बदल्यात देता येईल असं माझ्याकडे काही नाही. तुमची इच्छा असेल तर आम्ही तुमच्या घरी येऊ. येत्या शनिवारी किंवा रविवारी सकाळी 9 ते 11, किंवा पुढच्या बुधवारी संध्याकाळी, यांतलं तुम्हाला जमेल ते. फुलांचे दागिने, झोपाळ्याची सजावट आणि मेकअप करणाऱ्या ताई यांचं सगळं आम्ही बघू. तुम्ही थकलात की लगेच थांबू, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढू. दिवस भरत आल्यावर तुम्हाला त्रास नको म्हणून लवकरच्या तारखा लिहिल्या आहेत. पुन्हा फोटो नकोत असं वाटलं तर तेही तितकंच बरोबर आहे.

तुम्ही दिलेले 8,000 रुपये बुधवारी तुमच्या खात्यात जमा करतो. उरलेले 14,000 द्यायचे नाहीत. पुन्हा फोटो काढून घेतले किंवा नाही घेतले, तरी यात फरक पडणार नाही.

उत्तराची घाई करू नका. काहीही विचारायचं असेल तर मी स्वतः फोन उचलेन."

आता यातल्या दोन गोष्टींबद्दल थोडं सविस्तर.

पैसे. बरेच स्टुडिओ रीशूट देतात आणि पैसे ठेवून घेतात, म्हणजे रीशूट हीच भरपाई. काही जण लिहितात की रीशूट घेतलं तर पैसे परत नाहीत. मला हे पटत नाही. पैसे ज्या कामाचे घेतले ते काम झालं नाही, तो एक हिशेब. पुन्हा येऊन फोटो काढणं हा दुसरा. 286 फोटोंचे पैसे तरी कापून घ्यायला हवे होते असं एक मित्र म्हणाला. पण कापायचे म्हटले की त्या फोटोंची किंमत ठरवायला लागते, आणि ते गणित ताईंच्या घरी सुरू होतं, माझ्या नाही. शिवाय पत्रात "तुम्ही म्हणाल ते देऊ" असं लिहिणंही टाळलं. ऐकायला ते मोठ्या मनाचं वाटतं, पण मागायचा संकोच समोरच्यावर टाकतं.

आणि अट. "हे प्रकरण इथेच मिटलं असं समजू", "कुठे काही लिहू नये ही विनंती", अशी ओळ शेवटी घालायचा मोह होतो. माफीच्या पत्रात अशी ओळ आली की आधीचं सगळं त्या ओळीसाठी लिहिलं असं वाटतं. आणि तिचा उपयोगही नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली उणीव ही तक्रारीची गोष्ट आहे आणि ठरलेले फोटो न देणं तिच्यात बसतं. तक्रार घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिला फी नाही. बुकिंगच्या कागदावर "तांत्रिक कारणाने फोटो गेल्यास स्टुडिओ जबाबदार नाही" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि ते वाचून अनेक जण दारातूनच मागे फिरतात. त्या ओळीमुळे तक्रार करायचा हक्क जात नाही. हे मी फोटोग्राफर असून लिहितो आहे, कारण माझ्याही कागदावर ती ओळ होती. आता नाही.

ताईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. रविवार सकाळ चालेल, मेकअप नको, मी माझीच तयार होते. आणि खाली एक ओळ: आजीला परत आणणं जमणार नाही आणि मला घाटातून जायला डॉक्टर नको म्हणतात, तर तुम्ही तिच्या घरी जाऊन तिचा एक फोटो काढाल का?

रविवारचं काम दीड तासात झालं. पहिल्या वेळेसारखे फोटो काढायचा प्रयत्न आम्ही केला नाही. हॉलऐवजी घर होतं, पन्नास बायकांऐवजी सहा माणसं होती. तसंच काढलं. झोपाळा घरचाच, माडीवरचा. आणि यावेळी कॅमेरा पिशवीतून काढल्यावर पहिलं काम म्हणजे मेनूत जाऊन दुसऱ्या कार्डापुढे बॅकअप लिहिलंय का ते बघणं. घरी येऊन दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्डं पुसायची नाहीत, हे आधीही करत होतो. आता प्रत्येक कामाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात सहायक सही करतो, की सेटिंग त्याने स्वतः पाहिली.

त्याच आठवड्यात संगमेश्वरच्या बाजूला आजींच्या घरी गेलो. आजींनी विचारलं, कुठलं लुगडं नेसू? आम्ही म्हणालो, तुम्हाला आवडेल ते. त्यांनी डोहाळजेवणाला नेसलेलं तेच हिरवं नेसलं.

लॅबचा फोन तेराव्या दिवशी आला. हल्लीची बरीच एसडी कार्डं आतून एकाच तुकड्याची असतात, चिप आणि कंट्रोलर एकत्रच ओतलेले. त्यामुळे कार्डाच्या पाठीवरचा थर घासून काढायचा, खालचे तांब्याचे ठिपके उघडे करायचे, केसाएवढ्या तारा त्यांना डकवायच्या आणि कंट्रोलरला वळसा घालून थेट चिपमधून सगळं वाचून घ्यायचं. वाचलेलं सरळ नसतं, कंट्रोलरने ते आपल्या पद्धतीने पिंजून, तुकडे करून वेगवेगळ्या जागी ठेवलेलं असतं. ते उलगडून जोडायचं हे खरं काम. आमच्या 538 मधले 47 फोटो पूर्ण जोडले गेले, 19 अर्धे, बाकीचे नाहीत.

अर्धे म्हणजे काय ते सांगतो. फोटो कार्डावर ओळीओळीने उतरलेला असतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मधेच धागा तुटला तर तिथपर्यंतचं दिसतं आणि पुढे नुसता करडा पट्टा. आडव्या फोटोत हा पट्टा खाली येतो. पण कॅमेरा उभा धरून फोटो काढला असेल तर ओळी उभ्या होतात आणि पट्टा एका बाजूला येतो.

त्या एकोणिसांतला एक आजींनी ओटी भरतानाचा होता. मी तो उभा काढला होता. आजींचा चेहरा, कपाळावरचं गोंदण, नाकातली चमकी, नारळ धरलेला एक हात, सगळं स्वच्छ. ताई जिथे बसल्या होत्या तिथे करडा पट्टा.

त्याच दिवशी दुसरा ईमेल लिहिला. किती मिळाले, किती अर्धे, किती गेले, आणि तो फोटो जोडून पाठवला. करडा भाग सहायकाच्या फोटोतल्या चेहऱ्याने भरून देता येईल का असं सहायकाने विचारलं होतं. येईल, पण तो फोटो कधी काढलेलाच नाही, म्हणून मी नको म्हणालो. ताईंना फक्त इतकं लिहिलं की दोन्ही फोटो जसेच्या तसे पाठवतो आहे, अल्बममध्ये ठेवायचे का आणि कसे ते तुम्ही सांगा.

त्यांनी कळवलं, समोरासमोरच्या पानांवर ठेवा. डाव्या पानावर सहायकाचा, आजी पाठमोऱ्या आणि ताई समोर. उजव्या पानावर माझा, आजींचा चेहरा आणि बाजूचा करडा पट्टा, न कापता. अल्बम घरी पोचला तेव्हा बाळ अकरा दिवसांचं होतं.